सात टक्के साम्य आणि न उघडलेली पुस्तके

जानेवारी २०१२ मध्ये हंगेरीतल्या ‘एचव्हीजी’ या साप्ताहिकाच्या संकेतस्थळाने देशाच्या राष्ट्राध्यक्षांवरच वाङ्मयचौर्याचा आरोप केला. पाल श्मिट हे तलवारबाजीत १९६८ आणि १९७२ अशी दोन ऑलिंपिक सांघिक सुवर्णपदके मिळवलेले खेळाडू. आधुनिक ऑलिंपिक स्पर्धांच्या कार्यक्रमाचे विश्लेषण करणाऱ्या प्रबंधावर त्यांना १९९२ मध्ये बुडापेस्टमध्ये डॉक्टरेट मिळाली होती, तीही सर्वोच्च श्रेणीत. वीस वर्षे त्या प्रबंधाकडे कोणी वळून पाहिले नव्हते. मग निकोलाय गेओर्गिएव या बल्गेरियन अभ्यासकाने १९८०च्या दशकात फ्रेंचमध्ये लिहिलेला एक अभ्यास पत्रकारांच्या हाती लागला. त्यांनी तो प्रबंधाशेजारी ठेवला आणि पानामागून पान जुळत गेले. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. सुमारे २१५ पानांच्या प्रबंधातली १८० पाने गेओर्गिएव यांच्या लेखनाशी अंशतः जुळणारी निघाली, आणि आणखी १७ पाने एका जर्मन अभ्यासकाच्या लेखनाशी तंतोतंत. मार्चअखेर पदवी काढून घेतली गेली आणि २ एप्रिल २०१२ रोजी श्मिट यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडले.

हा प्रबंध आज एखाद्या साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला असता तर काय झाले असते? प्रबंध हंगेरियनमध्ये, मूळ अभ्यास फ्रेंचमध्ये. शिवाय तो अभ्यास कागदावरचा, मोजक्या ग्रंथालयांत असलेला. सॉफ्टवेअरने हंगेरियन मजकूर आपल्याजवळच्या साठ्याशी ताडून पाहिला असता आणि फार काही न सापडल्याने लहानसा आकडा दाखवला असता. त्या आकड्यात खोटे काहीच नसते. आपल्याकडच्या कागदांत असे काही आढळले नाही, एवढेच तो सांगत असतो. चोरी पकडली गेली ती दोन्ही मजकूर प्रत्यक्ष हातात घेऊन वाचणारे कोणीतरी होते म्हणून.

भारतात या आकड्याला कायद्याचे वजन आहे, म्हणून तो नेमका काय मोजतो हे इथे जास्तच महत्त्वाचे ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम केले. त्यांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून पुन्हा सादर करायचे. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादर करण्यास बंदी, आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. पुढच्याच वर्षी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधशुद्धी’ हा उपक्रम सुरू करून विद्यापीठांना असे सॉफ्टवेअर पुरवायला सुरुवात केली. तेव्हापासून पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘प्लेजरिझम’ हा शब्द एका आकड्यापुरता उरला आहे. ‘किती आले?’ असे विचारतात. ‘आठ’ म्हटले की समोरच्याचा चेहरा खुलतो, ‘चौदा’ म्हटले की पडतो. ग्रंथालयातून मिळालेला रिपोर्ट प्रबंधाला जोडला जातो, गाईडची सही होते आणि मौलिकतेचा विषय तिथेच मिटतो.

सॉफ्टवेअरचे काम तसे सरळ आहे. ते प्रबंधातल्या मजकुराचे काही शब्दांचे, एकमेकांवर चढणारे तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याची संगणकीय खूण तयार करते आणि तशाच खुणा आपल्या साठ्यात आहेत का ते पाहते. जुळलेले शब्द एकूण शब्दांच्या किती टक्के आहेत, एवढे गणित केले की आकडा तयार. म्हणजे टक्केवारी काढताना अंशस्थानी फक्त साठ्यात सापडलेले शब्द असतात. साठ्यात नसलेल्या पुस्तकातून उचललेली चाळीस पाने त्या अंशात शून्य भर घालतात. उलट छेदात ती पुरेपूर मोजली जातात आणि टक्केवारी आणखी खाली आणतात. चोरलेल्या पानांनीच आकडा सुधारतो, हे या गणितातले सर्वांत विचित्र आणि सर्वांत कमी लक्षात घेतले जाणारे अंग आहे.

साठा कशाचा बनलेला असतो हे सॉफ्टवेअरनुसार बदलते. टर्निटिनच्या रिपोर्टमध्ये इंटरनेटवरील स्रोत, प्रकाशने आणि विद्यार्थ्यांनी आधी सादर केलेले लेखन असे तीन वेगळे आकडे दिसतात. तपासणाऱ्याने सेटिंगमध्ये यातला एखादा साठा वगळला तर तोच प्रबंध कमी आकडा दाखवतो. सशुल्क नियतकालिकांच्या बाबतीत चित्र सरसकट काळे नाही, हेही सांगायला हवे. क्रॉसरेफ या संस्थेच्या ‘सिमिलॅरिटी चेक’ सेवेत सहभागी झालेले प्रकाशक आपले पूर्ण लेख, पैसे भरल्याशिवाय वाचता न येणारेसुद्धा, तुलनेसाठी खुले करतात. संपादकांसाठीच्या आयथेंटिकेट सॉफ्टवेअरला ते लेख दिसतात. पण ही सोय त्या प्रकाशकांपुरती आणि त्या सॉफ्टवेअरपुरतीच. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या तपासणी साइट शोधयंत्राला जे उघडे दिसते तेवढ्यातच चाचपडतात. लेखाचा सारांश आणि शीर्षक उघडे असते, आतली वीस पाने कुलुपात. म्हणून सारांशातले एखादे वाक्य जुळते, रिपोर्टमध्ये अर्धा टक्का म्हणून कुठेतरी तळाशी येते आणि कोणी त्याच्याकडे पाहत नाही. जाणकार परीक्षक मात्र नेमक्या त्याच अर्ध्या टक्क्याची ओळ धरून मूळ लेख मागवतो. सारांश जुळत असेल तर आतली पानेही वापरली गेली असण्याची शक्यता मोठी असते.

मराठीतल्या संशोधनाची अडचण याहून मोठी आहे. आपले बरेचसे वैचारिक आणि संशोधनपर लेखन कागदावरच आहे. वाईहून निघणाऱ्या ‘नवभारत’चे जुने अंक, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची प्रकाशने, विद्यापीठांनी आणि लहान प्रकाशकांनी पन्नास वर्षांपूर्वी काढलेली पुस्तके, गौरवग्रंथ, स्मरणिका, परिसंवादांचे संग्रह. यातले काही स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहे, पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून दिला नाही, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते चित्रच असते. जुन्या खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरे आणि पुसट झालेले अनुस्वार यंत्राने ओळखले तरी इतक्या चुका होतात की सलग शब्द जुळणे कठीण जाते.

संगणकावर टाइप झालेल्या मजकुराचीही गंमत आहे, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप होत असे. काही ठिकाणी अजून होतो. या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की फाइलमध्ये साठते ते `ejkBh`. फॉन्ट बदला की तुमच्या डोळ्यांसमोर ही पाच अक्षरे उघडी पडतात. आता असा विचार करा की पंधरा वर्षांपूर्वीचा एक प्रबंध कृतिदेवमध्ये टाइप होऊन पीडीएफ बनला आणि भारतीय प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या भांडारात जमा झाला. आजच्या विद्यार्थ्याने त्यातले प्रकरण युनिकोडमध्ये उतरवून काढले. वाचणाऱ्या माणसाला दोन्ही पाने अक्षरशः सारखी दिसतील. सॉफ्टवेअर मात्र एकीकडे `ejkBh` वाचेल आणि दुसरीकडे ‘मराठी’, आणि दोन्हींत काहीच साम्य नाही असे प्रामाणिकपणे सांगेल. तो प्रबंध साठ्यात असूनही नसल्यासारखाच.

बर्लिनच्या एचटीडब्ल्यू विद्यापीठात प्राध्यापक राहिलेल्या डेबोरा वेबर-वुल्फ वर्षानुवर्षे अशी सॉफ्टवेअर तपासत आल्या आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या आणि त्यांचे सहकारी यांनी १५ यंत्रणा आठ भाषांतल्या मजकुरावर पारखल्या. काही यंत्रणांना काही चोरी सापडली, सगळी कोणालाच सापडली नाही, आणि चोरी नसलेला मजकूरही काही वेळा जुळणारा म्हणून पुढे आला. भाषांतर करून उचललेला मजकूर तर बहुतेकांच्या हातून निसटला. त्या आठ भाषांत इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश होत्या, झेक आणि लात्वियनही होत्या. भारतीय भाषा एकही नव्हती. इंग्रजीतून मराठीत प्रकरणेच्या प्रकरणे उतरवण्याचा मोह ज्या विद्यापीठांत सर्वांत मोठा, तिथल्यासाठी या निष्कर्षाचा अर्थ गंभीर आहे.

हे सारे एका प्रबंधात कसे एकत्र येते ते पाहू. समजा, पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीवरचा २६० पानांचा मराठी प्रबंध आहे. दुसरे प्रकरण इतिहासाचे, चाळीस पानांचे. प्रवरानगरच्या कारखान्याची उभारणी, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचे काम, साठच्या दशकातला विस्तार. हे प्रकरण १९७०च्या दशकात छापलेल्या आणि आता दुकानात न मिळणाऱ्या एका मराठी पुस्तकातून जवळपास जसेच्या तसे उतरवले आहे. रिपोर्ट येतो ७ टक्के.

हे ७ टक्के आले कुठून? रिपोर्टमधले रंगवलेले तुकडे एकेक करून पाहिले तर ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’ हे कायद्याचे नाव आणि त्यातल्या व्याख्या दिसतात. नमुना निवड पद्धतीची, प्राथमिक आणि दुय्यम साधनांची ठरावीक वाक्ये दिसतात, जी शेकडो प्रबंधांत असतात. तक्त्यांची शीर्षके असतात. आयोगाचे नियम कायदे, प्रमाणित समीकरणे, सर्वसामान्य संज्ञा आणि योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे वगळायला सांगतात. ते नीट वगळले तर आकडा ३ टक्क्यांवर येईल. आणि दुसऱ्या प्रकरणाची चाळीस पाने? ती पांढरीशुभ्र आहेत. एकही ओळ रंगलेली नाही. अनुभवी गाईडने इथेच थांबायला हवे. चाळीस पानांच्या इतिहासाच्या मजकुरात एखादे अवतरण, एखाद्या सरकारी अहवालातली ओळ, एखादे ठरलेले वाक्यसुद्धा जुळू नये, ही गोष्ट स्वच्छतेची खूण म्हणून न पाहता प्रश्न म्हणून पाहिली पाहिजे.

त्याच विभागातली दुसरी विद्यार्थिनी पारनेर तालुक्यातल्या पाणलोट विकासावर लिहिते आहे. तिने खुल्या सरकारी अहवालांतून अवतरणे घेतली, प्रत्येकाला संदर्भ दिला, विशेष बाब म्हणून दोन अधिसूचना पूर्ण दिल्या. तपासणाऱ्याने अवतरणे आणि संदर्भसूची वगळण्याचा पर्याय निवडला नाही. तिला १८ टक्के आले. आता ती सहा महिने बसून चांगली अवतरणे मोडतोड करून स्वतःच्या शब्दांत लिहीत बसेल आणि तिचा प्रबंध आधीपेक्षा वाईट होईल. आकड्यावर विसंबण्याची किंमत प्रामाणिक माणूसही अशी मोजतो, आणि याची चर्चा फारशी होत नाही.

पहिल्या प्रबंधातली चोरी कळते ती वाचताना. ज्यांनी असे प्रबंध तपासले आहेत ते आधी काळाच्या खुणा पाहतात. ‘गेल्या पंचवीस वर्षांत कारखान्याने प्रगती केली’ असे वाक्य आजच्या प्रबंधात आले, तर पंचवीस वर्षे कधीपासून मोजली? प्रवरेचा पहिला गळीत हंगाम १९५०च्या सुमाराचा, म्हणजे वाक्य लिहिणारा १९७५च्या आसपास बसला होता. तळटीपांकडे नजर जाते. बाकीच्या प्रकरणांत २०१५ नंतरचे संदर्भ आहेत आणि या प्रकरणातला सर्वांत अलीकडचा संदर्भ १९७४चा आहे, तर या प्रकरणाचा लेखक तिथेच थांबला होता. शुद्धलेखन तर मराठीपुरती फारच उपयोगी खूण आहे. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण जुने पुस्तक उतरवताना कुठेतरी एखादे ‘कांहीं’, ‘नाहीं’ किंवा ‘पुढें’ टाइप करणाऱ्याच्या हातून सुटतेच. संपूर्ण प्रबंध आजच्या लेखनात आणि एकाच प्रकरणात पाच-सहा ठिकाणी हे टिंब आढळले, तर मूळ पुस्तक जुने आहे किंवा जुन्या वळणाच्या लेखकाचे आहे एवढे कळते. चुकाही साक्ष देतात. मूळ पुस्तकात एखाद्या संचालकाचे नाव किंवा एखाद्या वर्षाचे उत्पादन चुकीचे छापले असेल आणि तीच चूक प्रबंधात असेल, तर दोघांनी स्वतंत्रपणे एकच चूक केली असे मानणे अवघड असते.

खूण सापडल्यावर पुस्तक शोधायचे. त्या प्रकरणातली वेगळ्या शब्दरचनेची दोन-तीन वाक्ये घेऊन, त्यांतले चार-पाच दुर्मीळ शब्द अवतरणचिन्हांत घालून गुगल बुक्समध्ये शोधता येतात. इंग्रजी पुस्तकांत हा उपाय पुष्कळदा लागू पडतो, कारण पूर्ण पान दाखवायची परवानगी नसलेल्या पुस्तकातलीही दोन-तीन ओळींची चिंधी तिथे दिसते. मराठीत अक्षरओळख कच्ची असल्याने निराशा व्हायचीच शक्यता जास्त. मग राहते ते ग्रंथालय. सहकारावरची जुनी पुस्तके पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात पाहता येतात. तपासणाऱ्याला शंभर पुस्तके चाळावी लागत नाहीत. विषय ठाऊक असलेल्या माणसाला त्या काळातली त्या विषयावरची चार-पाच पुस्तके तोंडपाठ असतात, आणि त्यांची अनुक्रमणिका प्रबंधाच्या उपशीर्षकांशेजारी ठेवली की अर्धे काम होते. प्रबंधाच्या संदर्भसूचीत ते पुस्तक बहुधा असतेच. उचलणारा माणूस मूळ पुस्तकाचे नाव सूचीत घालतो आणि प्रकरणात मात्र एखाद्याच परिच्छेदाला संदर्भ देतो, हा नेहमीचा प्रकार आहे.

जर्मनीत हे काम लोकांनी मिळून केले. २०११च्या फेब्रुवारीत तेव्हाचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या कायद्यावरच्या प्रबंधाविषयी शंका आली. आंद्रेआस फिशर-लेस्कानो या ब्रेमेनच्या प्राध्यापकांना ती पुस्तकाचे परीक्षण लिहिताना आली होती. त्यानंतर स्वयंसेवकांनी एक खुले संकेतस्थळ उभारून प्रबंधाची पाने आपसांत वाटून घेतली. कोणी वर्तमानपत्रे पाहिली, कोणी ग्रंथालयात जाऊन पुस्तके काढली. प्रबंधाच्या ३९३ पानांपैकी ३७१ पानांवर उचललेला मजकूर सापडला. त्यांची पद्धत आजही नमुना म्हणून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक सापडलेल्या तुकड्यासाठी डावीकडे प्रबंधाचे पान, उजवीकडे मूळ स्रोत, दोन्हींचे पान क्रमांक आणि ओळ क्रमांक. टक्केवारी सर्वांत शेवटी येते, आणि तिच्यामागचा प्रत्येक तुकडा कोणालाही स्वतः पडताळता येतो. गुटेनबर्ग यांची पदवी आठवडाभरात गेली, मंत्रिपद १ मार्चला.

आपल्याकडच्या नियमांतही अशा पुराव्याला जागा आहे, फक्त तिचा वापर कमी होतो. २०१८च्या नियमांनुसार शैक्षणिक समुदायातली कोणीही व्यक्ती योग्य पुराव्यानिशी वाङ्मयचौर्याची तक्रार विभागाच्या समितीकडे करू शकते आणि समितीने ४५ दिवसांत आपला अहवाल संस्थेच्या समितीकडे द्यायचा असतो. पदवी मिळून गेल्यानंतर चोरी सिद्ध झाली तर ती स्थगित करण्याची तरतूद आहे. म्हणजे प्रबंध सादर करतानाचा ७ टक्क्यांचा रिपोर्ट कायमचे अभयपत्र होत नाही. शेजारी-शेजारी ठेवलेली दोन पाने त्याच्यापेक्षा वजनदार पुरावा ठरू शकतात. गाईडही प्रबंधात वाङ्मयचौर्य नाही असे प्रमाणपत्र स्वतःच्या सहीने देत असतो. ती सही सॉफ्टवेअरच्या आकड्यावर नसते, प्रबंधावर असते.

म्हणून रिपोर्टला जोडलेल्या पानावर आणखी चार ओळी असाव्यात, अशी मागणी करण्यासारखी आहे. कोणते सॉफ्टवेअर वापरले, त्यातले कोणते साठे चालू होते, काय वगळले, आणि प्रबंधाची फाइल युनिकोडमध्ये होती का. त्याखाली गाईडने हाताने लिहावे, की संदर्भसूचीतली कोणती मुद्रित पुस्तके आणि कोणते सशुल्क लेख आपण स्वतः उघडून त्या-त्या प्रकरणाशी ताडून पाहिले. सूचीत दीडशे नोंदी असतील तर सगळ्या पाहणे कोणाला शक्य नाही. पण प्रत्येक प्रकरण ज्या दोन-तीन पुस्तकांवर मुख्यतः उभे आहे ती पाहायला एखादा आठवडा पुरतो. व्हायवाच्या दिवशी तीच पुस्तके टेबलावर असावीत आणि परीक्षकाने त्यातले एखादे पान उघडून विद्यार्थ्याला विचारावे की या लेखकाशी तुझे मत कुठे जुळते आणि कुठे वेगळे पडते.